प्रस्तावना : कुत्र्याची आकडी आणि पाहणाऱ्याची जबानी

ज्या व्याधीची ओळख करून देण्यासाठी ही छोटी पुस्तिका सिद्ध झाली आहे, तिची पहिली अडचण अशी की, जो पशुवैद्य तिच्यावर इलाज करणार, त्याच्या दृष्टीस ती प्रत्यक्ष बहुधा कधीच पडत नाही. लंगडणारा बैल दवाखान्याच्या दारापर्यंत लंगडतच येतो, आणि कासदाह झालेल्या म्हशीची सुजलेली कास दुसऱ्या दिवशीही हाताला तशीच कठीण लागते. कुत्र्याची आकडी मात्र रात्री-अपरात्री, वस्तीवरची माणसे गाढ झोपेत असताना येते, दीड-दोन मिनिटांत सगळा कारभार आटोपून निघून जाते, आणि सकाळी धन्याने त्या कुत्र्याला मोटारसायकलवर पुढे बसवून तालुक्याच्या दवाखान्यात आणावे, तो ते शेपूट हलवीत टेबलावर उभे राहते. नाडी ठीक, ताप नाही, डोळे स्वच्छ. अशा वेळी वैद्याजवळ निदानाचे साधन एकच उरते, आणि ते म्हणजे ज्याने ती आकडी पाहिली त्याची जबानी. ती जबानी जितकी नेमकी, तितका इलाज नेमका. आणि ती जर ‘तडफडत होता, तोंडाला फेस आला होता’ एवढ्यावरच थांबली, तर अपस्मार, विषबाधा, हृदयविकार आणि पिसाळी यांपैकी कशाचाही संशय निवारण होत नाही. पाहणाऱ्याला नीट पाहता यावे, पाहत असताना त्याने काय करावे व काय करू नये हे त्याला आधी ठाऊक असावे, आणि आकडी ओसरल्यावरचे तास त्याने वाया घालवू नयेत, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

हे लेखन आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कुत्री पाळणाऱ्यांना समोर ठेवून झाले आहे, आणि ही मर्यादा हेतुपुरस्सर घातलेली आहे. शहरातल्या सदनिकेत राहणाऱ्या कुत्र्याला आकडी आली, तर खोलीचे दार लावावे आणि मेज-खुर्च्या बाजूला साराव्यात, एवढा बंदोबस्त पुरतो. राहुरी, श्रीरामपूर, राहाता, नेवासे या कालव्याखालच्या मुलखात कुटुंबे गावठाण सोडून आपापल्या शेतात वस्ती करून राहतात. तिथे कुत्रे मोकळे असते, घराच्या मागे विहीर असते, पलीकडे पाट वाहत असतो, आणि उसाच्या फडात बिबट्याचा वावर असतो. गोठ्याच्या वळचणीला कीटकनाशकांचे पुडे, घुशी-उंदरांचे औषध आणि गोचिडांवर फवारायच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. पारनेर-पाथर्डीच्या माळावर मेंढरांमागे फिरणाऱ्या कुत्र्यांची तऱ्हा आणखी निराळी. व्याधी सर्वत्र एकच असली, तरी तिच्याभोवतीचे धोके स्थलपरत्वे बदलतात, आणि म्हणून खबरदारीही बदलते.

प्रथम आकडी ओळखायची कशी ते पाहू. मेंदूतील असंख्य पेशींचे विद्युत्-व्यापार एरवी परस्परांना आवर घालीत चाललेले असतात. तो आवर एकाएकी सुटला, आणि पुष्कळशा पेशी एकाच वेळी व एकाच तालात उद्दीपित झाल्या, म्हणजे शरीरावर जे प्रकटते तीच आकडी. सर्वांगाला येणाऱ्या आकडीचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी काही मिनिटे, क्वचित काही तास, कुत्रे बेचैन होते, कोपऱ्यात दडते किंवा उलट धन्याच्या पायांत घोटाळते. मग ते अचानक ताठ होते, मान मागे जाते, पाय लाकडासारखे सरळ होतात आणि ते कुशीवर कोसळते. या काही क्षणांत श्वास थांबल्यासारखा वाटतो व जिभेवर निळसर छटा येते. त्यानंतर झटके सुरू होतात : चारही पाय पळत असल्यासारखे हलतात, जबडा कटकट वाजतो, लाळ घुसळून तिचा फेस होतो, आणि पुष्कळदा मूत्र वा विष्ठा नकळत सुटते. डोळे उघडे असतात, बुबुळे विस्फारलेली असतात, परंतु त्या डोळ्यांना काही दिसत नसते आणि कानांना हाक ऐकू येत नसते. हे सारे बहुतेक वेळा दोन मिनिटांच्या आत संपते. पाहणाऱ्याला हृदय पिळवटून टाकणारे असे हे दृश्य असले, तरी त्या अवधीत कुत्र्याला शुद्ध नसल्यामुळे त्याला वेदनेची जाणीव होत नसते, हे ध्यानात ठेवल्यास पाहणाऱ्याचे मन थोडे स्थिर राहते.

सर्वच आकड्या इतक्या उघड नसतात. काहींत ओठाचा एकच कोपरा फडफडतो, एकच पाय ठराविक तालात झटकला जातो, किंवा कुत्रे समोर माशी नसताना माशी पकडल्यासारखे हवेत चावे घेते, आणि हे चालू असताना त्याला थोडीफार शुद्धही असू शकते. ही आंशिक आकडी होय. ती चेहऱ्याच्या वा अंगाच्या कोणत्या बाजूस सुरू झाली हे सांगता आले, तर मेंदूत बिघाड कोठे असावा याचा माग लागतो. म्हणून तिची क्षुल्लक म्हणून उपेक्षा करू नये.

आकडीसारखे दिसणारे, पण आकडी नसलेले प्रकारही आहेत, आणि फसगत होते ती येथेच. झोपेत कुत्रे पाय हलवते, कुंईकुंई करते. त्याला हाक मारली की ते जागे होते आणि ओळख दाखवते. आकडीतील कुत्रे हाकेने जागे होत नाही. हृदयाच्या दोषामुळे येणारी मूर्च्छा बहुधा धावताना, उड्या मारताना वा आनंदाच्या भरात येते, तीत अंग शिथिल पडते, आणि अर्ध्या मिनिटात कुत्रे उठून काही झालेच नाही अशा थाटात चालू लागते. उलट आकडी विश्रांतीत वा झोपेत येण्याचा संभव अधिक, आणि तिच्या मागून गोंधळलेपण हटकून येते. म्हाताऱ्या कुत्र्याचा तोल एकाएकी जातो, मान एका बाजूस कलते, डोळे एका लयीत सरकत राहतात, परंतु ते शुद्धीवर असते. तो कानातील तोलेंद्रियाचा विकार असतो. तेव्हा शुद्ध होती की नव्हती, अंग ताठ होते की शिथिल, आणि नंतर गोंधळ उडाला होता की नाही, हे तीन प्रश्न पाहणाऱ्याने मनाशी पक्के बाळगावेत.

आता आकडी चालू असताना करावयाचे काय, हे सांगण्यापूर्वी काय करू नये ते सांगणे भाग आहे, कारण त्या घटकेस घरातील प्रत्येकाचे हात काहीतरी करण्यासाठी शिवशिवत असतात. आपल्याकडे कोणी फोडलेला कांदा नाकाशी धरतो, कोणी पायातली चप्पल हुंगवतो, कोणी मुठीत लोखंडी किल्ली देण्याचा माणसावरचा प्रयोग कुत्र्याच्या पंजावर करून पाहतो, तर कोणी दात उघडून पाणी वा हळदीचे दूध ओततो. या उपायांवरील श्रद्धा का टिकून राहिली, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आकडी स्वभावतःच दीड-दोन मिनिटांत थांबणारी; माणूस धावत चुलीपाशी जातो, कांदा शोधतो, फोडतो आणि परत येतो, तोवर तिचा अवधी संपतच आलेला असतो, आणि थांबण्याचे श्रेय कांद्याच्या पदरात पडते. कांद्याने आकडी थांबत नाही. मात्र कांदा धरणारा हात त्या कटकट वाजणाऱ्या जबड्याजवळ जातो, आणि जबड्याच्या स्नायूंवर कुत्र्याचा ताबा नसल्यामुळे ओळखीच्या, प्रेमाच्या हातालाही खोल चावा बसू शकतो. कुत्रे जीभ गिळून बसेल ही भीतीही निराधार आहे. जीभ तोंडाच्या तळाशी जखडलेली असते, ती गिळली जात नाही. दातांखाली चमचा वा लाकूड सरकवल्याने दात मोडतात. ओतलेले पाणी किंवा दूध मात्र खरोखर घातक, कारण त्या स्थितीत गिळण्याची क्रिया बंद असल्याने ते श्वासनलिकेत उतरते, आणि आकडीतून वाचलेले कुत्रे चार दिवसांनी फुफ्फुसाच्या दाहाने दगावू शकते.

करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. पहिली म्हणजे घड्याळ पाहणे. झटके सुरू झाले तो क्षण मोठ्याने उच्चारावा, म्हणजे घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी लक्षात राहतो. घाबरलेल्या मनाला एक मिनिट दहा मिनिटांएवढे वाटते, आणि अंदाजाने सांगितलेल्या वेळेवर विसंबून औषध ठरवता येत नाही. दुसरी म्हणजे जागेचा बंदोबस्त : कुत्रे विहिरीच्या काठाशी, पाटाजवळ वा जिन्यावर असेल, तर मागील बाजूने, तोंडापासून दूर राहून, कमरेला धरून किंवा खाली पोते सरकवून त्याला सपाट जागी ओढून घ्यावे, डोक्याखाली गोधडीची घडी सारता आली तर उत्तम. झटके दाबून धरण्याचा प्रयत्न करू नये. वस्तीवरची इतर कुत्री लगोलग बांधावीत, कारण आकडीत तडफडणाऱ्या आपल्याच सोबत्यावर ती तुटून पडतात, असा अनुभव अनेकांना येतो. लहान मुलांना घरात पाठवावे, दिवा मंद करावा, गोंगाट थांबवावा. तिसरी गोष्ट, एकाने मोबाइलवर चित्रण करावे, आणि त्यात केवळ पाय न घेता चेहरा, डोळे व सर्वांग एकदा तरी नीट दिसेल असे पाहावे. वैद्याला जे कधी दिसत नाही, ते या एका मिनिटाच्या चित्रणात दिसते.

घड्याळाचा आग्रह एवढा का, हे येथे स्पष्ट करतो. बहुसंख्य आकड्या आपोआप थांबतात, कारण मेंदूची स्वतःची आवर घालणारी यंत्रणा पुन्हा ताबा मिळवते. परंतु ५ मिनिटांहून अधिक काळ झटके चालू राहिले, तर ती यंत्रणा थकली असे समजावे. मग आकडी आपोआप थांबण्याची आशा मिनिटागणिक घटत जाते, आणि तिला थांबवणाऱ्या औषधांनाही ती दाद देईनाशी होते. त्याच वेळी अखंड आकुंचन पावणाऱ्या स्नायूंमुळे शरीराचे तापमान चढत राहते. कुत्र्याचे स्वाभाविक तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट. ते १०५ च्या पुढे गेले की मेंदू, यकृत व मूत्रपिंड यांना इजा होऊ लागते. म्हणून ५ मिनिटे हा निर्वाणीचा इशारा आहे. तेथपर्यंत वाट पाहून मग धावाधाव करण्यापेक्षा, तिसरे मिनिट उलटताच एकाने वैद्याला फोन लावावा आणि दुसऱ्याने गाडी काढावी. वाटेत पोट, जांघा व पंजे साध्या पाण्याने ओले करून वारा घालावा. बर्फ लावू नये, कारण त्याने कातडीतील रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच कोंडते. दोन आकड्यांच्या मध्ये कुत्रे शुद्धीवरच आले नाही, किंवा २४ तासांत दोन वा अधिक आकड्या आल्या, तर प्रत्येक आकडी एक-एक मिनिटाचीच असली तरी ती निकडच समजावी.

आकडी ओसरली की घरची माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात व पुन्हा अंथरुणावर जातात, आणि वस्तीवरचा खरा धोका नेमका तेव्हा सुरू होतो. आकडीनंतरच्या अवस्थेत कुत्रे उभे राहते, पण त्याची शुद्ध अर्धवट असते. ते भिंतीवर आपटते, एकाच दिशेने चालत सुटते, आणि काही काळ त्याला अक्षरशः दिसत नसते. बिनकठड्याची विहीर, वाहता पाट, रस्त्यावरचा उसाचा ट्रॅक्टर आणि अंधारातला फड यांच्यामध्ये असे आंधळेपणाने भटकणारे कुत्रे सोडून देणे म्हणजे आकडीतून वाचलेला जीव अपघाताच्या हवाली करणे होय. त्याला गळ्यात साखळी अडकवून खुंट्याला जखडू नये, कारण पुन्हा झटके आल्यास फास बसेल. दार लोटून घेता येईल अशा खोलीत वा गोठ्याच्या रिकाम्या गव्हाणीशेजारी आडोसा करून ठेवावे आणि कोणीतरी जवळ बसावे. नेहमीचे प्रेमळ कुत्रेही या अवस्थेत ओळख न पटल्याने गुरगुरते वा चावते, तेव्हा आधी हाक मारावी, आवाज ओळखल्याची खूण पटली म्हणजेच हात लावावा. त्याला विलक्षण भूक व तहान लागते. पण ते स्थिर उभे राहून गिळू शकते याची खात्री होईपर्यंत भाकरी पुढे टाकू नये, आणि पाणीही प्रथम घोट-घोटच द्यावे. ही अवस्था काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत, क्वचित एक-दोन दिवसही राहते. ती किती वेळ राहिली, कुत्रे पूर्ववत केव्हा झाले, हे लिहून ठेवावे. पुढे निदानाच्या कामी ही नोंद आकडीच्या वर्णनाइतकीच मोलाची ठरते.

हे सर्व एका उदाहरणात गोवून पाहू. समजा, राहुरी तालुक्यातील एका वस्तीवर तीन वर्षांचा, १८ किलो वजनाचा गावठी कुत्रा आहे. माघातली रात्र, पाण्याचे आवर्तन चालू, धनी उसाला बारे देऊन पहाटे चारला परततो, तो ओट्यावर निजलेला कुत्रा ताठ होऊन खाली कोसळतो. धनी वेळ पाहतो : ४ वाजून १० मिनिटे. थोरला मुलगा चित्रण करतो, धाकटा दुसरे कुत्रे बांधतो. झटके ४ वाजून १२ मिनिटांच्या आत थांबतात. कुत्रा पाच मिनिटे निपचित पडतो, मग उठून विहिरीच्या दिशेने चालू लागतो. त्याला अडवून कांद्याच्या चाळीशेजारच्या खोलीत कोंडतात. साडेपाचपर्यंत तो फेऱ्या घालतो, सातला भाकरी खातो, आणि नऊ वाजता नेहमीसारखा मेंढरांवर भुंकतो. आता या नोंदीचा वैद्य कसा उपयोग करतो ते पाहावे. वय सहा महिने ते सहा वर्षे यांच्या दरम्यानचे. आकडी विश्रांतीत आलेली. दोन्ही बाजूंना सारखे झटके. मध्यंतरी कुत्रा पूर्ण निरोगी. २०१५ साली पशु-अपस्मारावरील आंतरराष्ट्रीय कृतिगटाने जे निकष प्रसिद्ध केले, त्यांनुसार हे वर्णन निष्कारण, म्हणजे मेंदूच्या रचनेत दोष न आढळणाऱ्या, आनुवंशिक कल असलेल्या अपस्माराशी जुळते. मात्र त्या नावावर शिक्कामोर्तब होण्यासाठी किमान एका दिवसाच्या अंतराने दोन आकड्या आणि रक्त-लघवीची स्वच्छ तपासणी लागते. म्हणून पहिल्या आकडीनंतर वैद्य रक्त तपासतो, रोजची गोळी सुरू करीत नाही, आणि वही ठेवण्यास सांगतो. सहा आठवड्यांनी दुसरी आकडी येते. सहा महिन्यांत दोन आकड्या, हा बहुतेक वैद्यांच्या मते औषध सुरू करण्याचा उंबरठा.

तीच जबानी थोडी निराळी असती, तर निदान पार बदलले असते. कुत्रा शुद्धीवर होता, परंतु सर्वांग थरथरत होते, लाळ धारेने गळत होती, डोळ्यांतून पाणी, वांती, जुलाब, आणि बुबुळे टाचणीच्या टोकाएवढी बारीक झाली होती, असे धन्याने सांगितले असते, तर वैद्याने प्रथम कीटकनाशकाची चौकशी केली असती. फोरेट, ज्याला आपला शेतकरी थिमेट या नावाने ओळखतो, त्याच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. पण जुना पुडा कोठे अडगळीत उरलेला असू शकतो, आणि त्याच कुळातील इतर औषधे आजही फवारली जातात. या विषबाधेवर अॅट्रोपीन हा उतारा आहे, अपस्माराची गोळी नव्हे. म्हणून पुडा वा बाटली दवाखान्यात सोबत न्यावी. उसात घुशी-उंदरांसाठी ठेवलेल्या झिंक फॉस्फाईडचे आमिष खाल्ले असेल, तर पोटात विषारी वायू तयार होतो व ओकारीला लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा दर्प येतो. असे कुत्रे बंद मोटारीत नेऊ नये, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि विष उतरेल या समजुतीने दूध वा भाकरी चारू नये, कारण अन्नाने पाझरणारा आमाशयरस त्या वायूची निर्मिती वाढवतो. गोचिडांसाठी जनावरांवर फवारायचे औषध अंदाजाने कुत्र्याच्या अंगावर ओतल्यानेही झटके येतात. अशा वेळी औषध लागलेले अंग साबणाने धुऊन काढणे हा पहिला इलाज.

आणखी दोन प्रसंग या मुलखात वारंवार आढळतात. व्यालेली कुत्री, पिले अंगावर जोरात पीत असताना, प्रसूतीनंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत एकाएकी ताठ चालू लागली, धापा टाकू लागली व थरथरून पडली, तर रक्तातील कॅल्शियम उतरले असे समजावे. पिले तत्काळ वेगळी करावीत आणि शिरेतून सावकाश कॅल्शियम देणाऱ्या वैद्याकडे न्यावे. तिला अपस्मार झालेला नसतो, आणि वेळेवर उपचार मिळाले तर ती तासाभरात उभी राहते. पिलाच्या बाबतीत मात्र नाका-डोळ्यांतून पू, खोकला, आणि मग जबड्याचे वा एखाद्या पायाचे ठेका धरल्यासारखे अखंड, झोपेतही न थांबणारे हिसके, असा क्रम दिसला, तर तो डिस्टेंपर हा विषाणुजन्य रोग असण्याचा संभव दाट. त्याची लस आहे, आणि लागण झाल्यावर मात्र खात्रीचा इलाज नाही.

पिसाळीविषयी स्वतंत्रपणे लिहिणे प्राप्त आहे, कारण तिथे प्रश्न कुत्र्यापुरता उरत नाही. ज्या कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस टोचलेली नाही, त्याच्या आकडीकडे पाहताना हा संशय मनातून काढू नये. भेद ओळखण्याचा धागा पुन्हा आकडीनंतरच्या तासांतच असतो. अपस्माराचे कुत्रे काही तासांत वा फार तर एक-दोन दिवसांत पूर्ववत होते. पिसाळलेल्याचे मात्र दिवसेंदिवस बिघडत जाते : स्वभाव पालटतो, आवाज घोगरा होतो, खालचा जबडा लोंबतो, मागचे पाय लुळे पडत जातात, आणि लक्षणे दिसू लागल्यापासून दहा दिवसांच्या आत ते बहुधा मरण पावते. आकडीच्या वेळी चावा बसला, ओरखडा उठला किंवा लाळ जखमेला वा डोळ्याला लागली, तर कुत्रे आपलेच आहे म्हणून थांबू नये; जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, डोळा असल्यास नुसत्या पाण्याने धुवावा, आणि त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात वा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी. माणसात या रोगाची लक्षणे उमटल्यावर वैद्यकाचे हात टेकतात.

आपल्या उदाहरणातील कुत्र्याकडे परत वळू. त्याला वैद्याने फेनोबार्बिटल दिले, दर किलोला सुमारे अडीच मिलिग्रॅम या हिशेबाने ४५ मिलिग्रॅम, म्हणजे ३० मिलिग्रॅमच्या दीड गोळ्या, दर बारा तासांनी. पहिले दोन आठवडे कुत्रा सुस्त राहील, झोकांड्या खाईल, खूप खाईल, खूप पाणी पिईल व वारंवार लघवी करील. औषध रक्तात स्थिर होण्यास तेवढाच काळ लागतो, आणि या लक्षणांना भिऊन गोळी बंद करणे ही या रोगातील सर्वांत महागडी चूक आहे. रक्तातील औषध एकदम उतरले की मेंदू उसळी घेतो, आणि ज्या कुत्र्याला महिन्यातून एकदा आकडी येत होती त्याला न थांबणारी आकडी येऊ शकते. गोळ्या संपत आल्या म्हणजे बाजारच्या दिवसाची वाट पाहू नये. आठवडाभराचा साठा हाताशी ठेवून नवी चिठ्ठी आणावी. दोन-तीन आठवड्यांनी रक्तातील औषधाची मात्रा, आणि पुढे दर सहा महिन्यांनी यकृताची तपासणी करावी. गोचीड-पिसवांसाठी महिन्यातून एकदा देण्याच्या ज्या गोळ्या अलीकडे प्रचारात आल्या आहेत, त्यांपैकी एका वर्गाविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये झटके येऊ शकतात असा इशारा दिला आहे. तेव्हा अपस्माराच्या कुत्र्याला अशी गोळी विचारल्यावाचून देऊ नये.

औषधाने काय साधते, याविषयी भलता भरवसा देणे योग्य होणार नाही. फेनोबार्बिटलने रोग समूळ नाहीसा होत नाही, आकड्यांतील अंतर वाढते व त्यांचा जोर उतरतो. पुष्कळ कुत्री या आधारावर पूर्ण आयुष्य जगतात, तर काहींना पोटॅशियम ब्रोमाइड वा लेव्हेटिरासिटामची जोड द्यावी लागते, आणि थोडी अशीही असतात की कोणत्याच औषधाला पुरती दाद देत नाहीत. वयाची सहा वर्षे उलटल्यावर प्रथमच आकडी आली, दोन आकड्यांच्या मध्येही चाल वा स्वभाव बिघडलेला राहिला, किंवा झटके सदैव एकाच बाजूला दिसले, तर मेंदूतच काही वाढ वा दाह असण्याची शक्यता धरून शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा परळचे, १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय यांच्याकडे जाण्याची तजवीज करावी. जाताना वही आणि मोबाइलवरील चित्रण सोबत असले, तर तेथील तपासणीची दिशा पहिल्या दहा मिनिटांत ठरते.

अंतर हीच आपली मोठी अडचण आहे. पाचव्या मिनिटाला वैद्य दारात उभा असेल अशी वस्ती आपल्या जिल्ह्यात विरळा. म्हणून ज्या कुत्र्याला लागोपाठ आकड्या येतात, त्याच्यासाठी वैद्य घरी डायझेपॅम ठेवण्यास लिहून देतो. ते सुई न लावता, लहान नळीने गुदद्वारातून द्यावयाचे असते, आणि त्याची मात्रा दर किलोला एक मिलिग्रॅम धरतात; १८ किलोच्या कुत्र्याला १८ मिलिग्रॅम, म्हणजे मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम असलेल्या द्रावाचे साडेतीन मिलिलिटरहून किंचित अधिक. फेनोबार्बिटलवर असलेल्या कुत्र्याला ही मात्रा दुपटीपर्यंत वाढवावी लागते, आणि तो निर्णय वैद्याने आधीच चिठ्ठीवर लिहून दिलेला असावा. द्राव आधीपासून प्लॅस्टिकच्या सिरिंजमध्ये भरून ठेवू नये, कारण तो प्लॅस्टिकला चिकटतो व प्रकाशाने कमजोर होतो. काचेची कुपी अंधाऱ्या, थंड जागी ठेवून वेळ आली म्हणजेच भरावा.

या सर्व मात्रांचा आधार वजन हा आहे, आणि कुत्र्याचे वजन किती, असे विचारले असता बहुतेक धनी अंदाजच सांगतात. ज्या काट्यावर कांद्याच्या गोण्या चढतात, त्याच काट्यावर कुत्र्याला उचलून उभे राहावे, मग एकट्याने उभे राहावे, आणि फरक काढावा. तो आकडा, आपल्या पशुवैद्याचा दूरध्वनी आणि पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा १९६२ हा क्रमांक, या तीन गोष्टी पुस्तिकेच्या शेवटी दिलेल्या कोऱ्या पानावर वाचकाने ही प्रस्तावना संपताच लिहाव्यात. त्याच पानावर तारीख, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, शुद्ध, अंगाची बाजू, आधीचे खाणे व फवारणी, आणि पूर्ववत होण्यास लागलेला काळ असे रकाने आखलेले आहेत. पहिली ओळ भरण्याची पाळी कोणावर येऊ नये अशीच इच्छा आहे. पण ती आलीच, तर त्या ओळीवरून वैद्याला निदानाची वाट सापडेल.